विधवेचा निवारा आणि सहीचा कागद

नवरा गेल्यावर सासरच्या घरात राहण्याचा हक्क विधवेला आहे का, या प्रश्नाचे एकच उत्तर कायद्यात नाही. घर कोणाच्या मिळकतीतून आले, यावर ते ठरते. दुःखाच्या त्या दिवसांत नेमकी हीच गोष्ट तिला कोणी सांगत नाही.

उदाहरण घेऊ. सासरे, दोन मुलगे आणि वडिलोपार्जित घर. सासू आधीच वारलेली, मुलगी नाही. थोरला मुलगा अचानक जातो, मृत्युपत्र नसते, मूलबाळही नसते. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, त्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे धरायचे. तिघांना एकेक तृतीयांश आला असता. थोरल्याचा तो तृतीयांश त्याच्या पत्नीला मिळतो, आणि तो पूर्ण मालकीने. १९३७च्या कायद्याखाली तिला हयातीपुरता मर्यादित हक्क मिळे. १९५६पासून ती मर्यादा गेली. तेव्हा या घरात ती कोणाच्या मेहेरबानीने राहत नाही, सहमालक म्हणून राहते.

आता तेच घर सासऱ्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलेले आहे असे धरा. नवऱ्याचा त्यात हिस्सा नव्हताच, म्हणून तिच्याकडेही काही येत नाही. १९५६च्या दत्तक व पोटगी कायद्याचे कलम १९ सासऱ्यावर विधवा सुनेच्या पोटगीची जबाबदारी टाकते, आणि पोटगीत निवाराही येतो. पण अटी कडक आहेत. स्वतःची कमाई, नवऱ्याची मिळकत, आईवडील, मुले यांच्याकडून भागत नसेल तरच मागता येते. शिवाय सासऱ्यांच्या ताब्यात एकत्र कुटुंबाची मिळकत असली पाहिजे, आणि तिला त्यातून हिस्सा मिळालेला नसला पाहिजे. स्वकष्टार्जित घर तेवढे असेल, तर सासऱ्यांच्या हयातीत ही वाट बंद होते.

सासरे वारल्यावर चित्र पालटते. मृत्युपत्र नसेल तर आधी वारलेल्या मुलाची विधवा ही पहिल्या वर्गातील वारस आहे. मृत्युपत्राने तिला डावलले असेल, तरी ती अवलंबित ठरते आणि स्वतःचे भागत नसेल तर मिळकत घेणाऱ्या वारसांकडून पोटगी मागू शकते. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हयातीतला आधार आला तो २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातून. सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले की, ज्या घरात सून नांदली ते सासऱ्यांच्या नावावर असले, तरी ते तिच्यासाठी सामायिक घर असू शकते. २०२२च्या प्रभा त्यागी खटल्यातली अर्जदार तर विधवाच होती. लग्नाच्या वर्षीच तिचा नवरा अपघातात गेला होता. प्रत्यक्ष त्या घरात राहत नसलेल्या स्त्रीलाही निवासाचा हक्क असतो, असे न्यायालयाने म्हटले.

निकाल स्वागतार्ह आहे, पण माझा आक्षेप इथेच आहे. छळ झाला नसला तरी हक्क आहे, असे न्यायालय म्हणते. मात्र मॅजिस्ट्रेटकडून संरक्षणाचा आदेश हवा असेल, तर पीडित म्हणूनच अर्ज करावा लागतो. ज्या दिराच्या पंगतीला काल ती जेवली, त्याच्यावर आज आरोप ठेवल्याशिवाय तिला दार उघडून मिळत नाही. शिवाय हा हक्क मालकीचा नव्हे. रीतसर कायदेशीर मार्गाने तिला घराबाहेर काढता येते, आणि वृद्ध सासूसासऱ्यांचा स्वतंत्र कायदा समोर आला की न्यायालयाला दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. विधवेचा निवारा हा विधवा म्हणूनच स्वतंत्रपणे मिळायला हवा. पोटगी कायद्यातली एकत्र मिळकतीची अट काढली, तर निदान सुरुवात होईल.

तोवर सगळ्यात मोठा धोका घरातच असतो. तेरावे उरकते न उरकते तोच दीर म्हणतो, ‘वहिनी, कागद सोपा व्हावा म्हणून एक सही करा.’ तो कागद हक्कसोडपत्र असतो. दुय्यम निबंधकाकडे ते नोंदले की मालकी गेली. पुढे पोटगी मागितली तर समोरचा वकील म्हणणार, बाईंना हिस्सा मिळाला होता, त्यांनी स्वखुशीने सोडला. गावात तिचे नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त टाकून चोळीबांगडीवर समजूत काढली जाते. ती वारस असेल, तर तिचे नाव कब्जेदार म्हणून वारस नोंदीत आले पाहिजे. फेरफाराची नोटीस निघाल्यावर मुदतीत हरकत घ्यावी.

पोटगीचा हक्क आपोआप घराला चिकटत नाही. मृत्युपत्र, करार किंवा हुकूमनाम्याने बोजा चढवला असेल तरच तो चिकटतो. एरवी मोबदला देऊन, या हक्काची कल्पना नसताना घर घेणाऱ्याविरुद्ध तो चालत नाही. म्हणून घर विकायला काढल्याचे कळताच ग्राहकाला लेखी कळवावे, आणि त्याच्या वकिलाने वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीला पोच घेऊन उत्तर द्यावे. त्यानंतर खरेदी झाली, तर माहीत नव्हते असे त्याला म्हणता येत नाही.