उतरून मिळालेली जागा

आमचा दादा चाकणच्या एका फाउंड्रीत प्रॉडक्शन मॅनेजर होता. हाताखाली तीन शिफ्ट, एकशेदहा माणसं. पण तो मुळात मेथडिंगचा माणूस. साच्यात वितळलेलं लोखंड कुठून सोडायचं, रायझर केवढा ठेवायचा, कास्टिंग कुठल्या बाजूनं आधी गोठेल, हे ठरवण्यात त्याची पहिली नऊ वर्षं गेली. मग बढती मिळाली आणि पुढची सहा वर्षं डिस्पॅचच्या तारखा, गैरहजर कामगार आणि रात्री दोनला वाजणारा फोन यांत गेली. शेवटी त्यानं ठरवलं, कोल्हापूरला परत जायचं आणि मेथड्स इंजिनिअर म्हणून काम करायचं. हुद्दा दोन पायऱ्या खाली येणार होता, पगार एक तृतीयांशानं कमी होणार होता.

पहिला इंटरव्ह्यू झाला गोकुळ शिरगावात. "मॅनेजरची नोकरी सोडून इंजिनिअर का व्हायचंय?" हा प्रश्न येणारच होता. दादानं मनापासून उत्तर दिलं. घरी आबांची तब्येत, शिफ्टची दगदग, मॅनेजमेंटचा ताण, सगळं सांगितलं. पगाराचं विचारल्यावर म्हणाला, "पगाराचं काय नाही हो, द्याल ते चालेल." समोरच्यांनी चहा पाजला, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही.

दादाला ते फार लागलं. एवढा अनुभव कमी पैशात मिळतोय, तरी नको? आमच्या एका चुलतभावानं तोडगा काढला. बायोडाटात मॅनेजर लिहूच नको, सीनियर इंजिनिअर लिही. दादा जवळजवळ तयार झाला होता. मीच अडवलं. सॅलरी स्लिपवर हुद्दा छापलेला असतो, आणि ऑफर देताना शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर बहुतेक ठिकाणी मागतातच. खरं सांगितलं तर शंका येते, पण खोटं सापडलं तर माणूसच बाद होतो.

त्या रविवारी आम्ही अण्णांकडे गेलो. अण्णा पॅटर्न शॉपचे जुने मिस्त्री. दादा शिकाऊ होता तेव्हा लाकडाच्या पॅटर्नला आकसण्याचा वाव किती सोडायचा, हे त्यांनीच त्याला हात धरून दाखवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू पोरगी बघायला गेलास आणि आधीचं स्थळ का मोडलं एवढंच सांगत बसलास," अण्णा म्हणाले. "ही पोरगी का पसंत, ते बोललासच नाहीस."

मग त्यांनी त्याला टेबलाच्या पलीकडे बसवलं. तिथून काय दिसतं? मालकाला वाटतं, याला काढलंय की काय. वाटतं, याचा मेथड्स हेड वयानं लहान, त्याचं हा ऐकेल का. आणि सगळ्यात मोठी भीती ही, की चाकणहून पुन्हा बोलावणं आलं की सहा महिन्यांत हा जाणार. नवा माणूस तिथली कास्टिंग्ज ओळखायलाच तेवढा वेळ घेतो. "द्याल ते चालेल" म्हटल्यावर ही भीती वाढते, कारण ज्यानं घरचा हिशेब केलेला नाही, त्याला तिसऱ्या महिन्यात पैसा टोचायला लागतो.

हिशेब वहिनीनं केला. रात्री वही उघडून बसली. चाकणला हातात येत होते 96 हजार आणि खर्च होत होते 78. कोल्हापुरात घर स्वतःचं, म्हणून भाड्याचे 22 हजार गेले. महिन्यातून दोनदा गावी जाण्याचे पाच हजार गेले. शाळा आणि बसमध्ये चार वाचले. खर्च उरला 47 हजार. हातात 62 आले तर आत्ता शिल्लक पडतात अठरा, तेव्हा पडतील पंधरा. वहिनीनं 62 वर गोल केला आणि म्हणाली, "याच्या खाली नाही म्हणून या."

तोटाही तिनंच मांडला, आणि तो खरा होता. पुढची प्रत्येक वाढ आता या लहान आकड्यावर मोजली जाणार. उद्या पुन्हा मॅनेजर व्हावंसं वाटलं, तर मधली ही वर्षं समजावून सांगावी लागणार. दादानं ते मान्य केलं, मगच दुसरा अर्ज गेला.

दुसरा इंटरव्ह्यू शिरोलीला. प्रश्न तोच. दादा या वेळी म्हणाला, "सहा वर्षं मी रिजेक्शनचे आकडे वाचतोय. ते कमी करण्याचं काम दुसरे करतात. मला ते पुन्हा स्वतःच्या हातानं करायचंय. तुमच्याकडे जाड-पातळ भिंतीची कास्टिंग्ज जास्त आहेत, मेथडिंगला तिथंच खरं काम असतं. म्हणून तुमच्याकडे आलोय. काढलेलं नाही. नोटिस पिरियड पूर्ण करून येईन." घरचं एका वाक्यात सांगितलं, तेही शेवटी.

"आमचे मेथड्स हेड चौतीस वर्षांचे आहेत."

"ते सिम्युलेशनवर काम करतात, ते मला येत नाही. त्यांच्याकडून शिकावं लागेल. आणि मॅनेजर असताना माझं म्हणणं शेवटचं असायचं, इथं त्यांचं असेल. हे ठरवूनच आलोय."

मालकांनी टेबलाखालून एक कापलेलं कास्टिंग काढून समोर ठेवलं. हाताच्या पंजाएवढं, जाड बॉसच्या पोटात बोटाच्या पेराएवढी पोकळी. दादानं ते उजेडाकडे धरलं, पोकळीच्या भिंतीवरून नख फिरवलं. भिंत खरखरीत होती, आत सुयांसारखे कण उभे होते. "हा ब्लो होल नाही. वायूची पोकळी असती तर भिंत गुळगुळीत लागली असती. हे श्रिंकेज आहे. रायझर पुरेसा असेलही, पण त्याची नेक आधी गोठली असणार. मग आतलं लोखंड आकसलं तेव्हा भर घालायला रस पोचलाच नाही. आधी नेकचं माप बघू. पण त्या हीटची केमिस्ट्री आणि ओतण्याचं तापमान पाहिल्याशिवाय मी खात्रीनं सांगणार नाही." खोलीत एवढा वेळ मॅनेजरशी बोलणं चाललं होतं, तिथून पुढं ते इंजिनिअरशी चाललं.

शेवटी मालक म्हणाले, "उद्या मॅनेजरची ऑफर आली तर?"

"येईल," दादा म्हणाला. "पण मुलांचे शाळेतले प्रवेश जूनमध्ये इथं होतायत. आणि पैशाचा हिशेब घरी झालाय. हातात 62 हजार आले तर आमचं नीट चालतं. त्याखाली मी येऊ नये, कारण मग तुम्ही म्हणता तसं होईल."

त्यांनी 58 म्हटलं. दादा अडून बसला नाही, आकडा का तो आहे एवढं पुन्हा सांगितलं. तीन दिवसांनी पत्र आलं, हातात 62 येतील असं. त्यानं त्यात एक ओळ लिहून मागितली, की वर्षानं पगाराचा फेरविचार होईल. ती मिळाली.

तुमच्यापैकी कुणी अशी पायरी उतरणार असेल, तर आधी घरी वही उघडा आणि खालचा आकडा ठरवा. मग जिथं जाताय तिथलं काम नीट पाहून या, आणि त्याच्याबद्दल बोला.

दादाला शिरोलीत तीन वर्षं झाली. मधे चाकणहून एकदा फोन आला होता. तो गेला नाही.