भाऊजींची लिंक

सकाळचे सव्वासात. चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने फोन हातात घेतला. आमच्या घरच्या ग्रुपवर ३४ माणसं आहेत. या वेळेला तिथे फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक असतो. आज धाकट्या दिरांनी एक पोस्टर टाकलं होतं. क्रिकेटवर पैसे लावायचं ॲप. खाली निळी लिंक आणि त्यांचा मजकूर : ‘माझ्या लिंकवरूनच घ्या. ५०० भरा, ५०० बोनस. मी वापरतोय, एकदम सेफ.’ सासूबाईंनी त्यावर अंगठाही टाकला होता. त्यांना काय, मुलाने काही पाठवलं की अंगठा. पण कॉलेजात जाणारी पाच पोरंही त्याच ग्रुपवर आहेत. त्यांच्या लेखी आता त्या ॲपला काकांची शिफारस होती आणि आजीचीही.

पोस्टर दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत अटी होत्या. जमा आणि बोनस मिळून जे हजार होतात, त्याच्या १५ पट पैसे लावून झाल्याशिवाय काहीच काढता येणार नाही. म्हणजे १५ हजार. मग मी वाण्याच्या यादीच्या मागे हिशेब मांडला. उदाहरणाला दिलेल्या सामन्यात दोन्ही संघांचा भाव १.९० होता. शंभर लावून जिंकलात तर हातात १९० येतात. आता एकाने एका संघावर शंभर लावले आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर. आत गेले २००, बाहेर आले १९०. कोणीही जिंको, दहा रुपये ॲपवाल्याचे. शंभराला पाच. त्याच दराने १५ हजारांवर ७५० जातात. हजारातले उरले २५०, आणि खिशातून घातले होते ५००. हे झालं सरासरीचं. नशिबाने एखाद्याचे जास्त उरतील, पुष्कळांचे त्याआधीच संपतील. त्याखालची ओळ वाचून मात्र मी गॅस बारीक केला. आपल्या लिंकवरून आलेल्या माणसाचं जे निव्वळ नुकसान होईल, त्याच्या २० टक्के आपल्याला. म्हणजे पुतण्याचे २५० बुडाले की काकांच्या खात्यात ५० जमा. भाऊजींनी ही ओळ वाचली असती तर लिंक टाकली नसती, हे मी पैजेवर सांगेन. (पैज म्हणजे बोलायची पद्धत.)

आता उत्तर काय द्यायचं? गप्प बसता आलं असतं. अशा वेळी बहुतेक जण तेच करतात, मीही केलंय. पण ग्रुपवर बाकीचे सगळे गप्प राहिले की वाचणाऱ्याला तो होकारच वाटतो. पहिल्यांदा लिहिलं, ‘आपल्या घरात जुगार कधी नव्हता.’ पुसलं. घर त्यांचंही आहे, आणि चारचौघांत असं ऐकल्यावर माणूस ॲपची बाजू सोडत नाही, उलट धरून बसतो. मग लिहिलं, ‘असले मेसेज ग्रुपवर टाकू नयेत.’ तेही पुसलं. सोसायटीच्या जिन्यात लावलेली सूचना वाटत होती. ग्रुपची ॲडमिन मी आहे, त्यामुळे मेसेज परस्पर काढून टाकणंही हातात होतं. तेही बरं दिसलं नसतं. शेवटी फोनच लावला. म्हटलं, “भाऊजी, ती खालची ओळ वाचलीत का?” त्यांनी वाचली नव्हती. मी वाचून दाखवली. थोडा वेळ पलीकडून नुसता त्यांच्या मिक्सरचा आवाज येत होता. मग म्हणाले, “वहिनी, माझ्या ऑफिसातल्याने मला पाठवली, मी पुढे ढकलली.” मी विचारलं, “ॲप प्ले स्टोअरवरून घेतलंत?” नाही, लिंकवरून सरळ फाइल उतरली होती. “पैसे भरताना नाव कुणाचं येतं?” ते म्हणाले, दर वेळी वेगळं, कधी कुठलं किराणा दुकान, कधी कुणी बाई. मी सांगितलं, ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यातल्या एखाद्यावर पोलिसांत तक्रार झाली की त्या खात्यातून ज्यांच्याकडे पैसे गेले त्यांचीही खाती बँक गोठवू शकते. तुमचा पगार ज्या खात्यात येतो, तेच खातं तुम्ही त्याला जोडलंय.

फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं. भाऊजींना आधी सांगूनच लिहिलं. ‘भाऊजींशी आत्ताच बोलले. त्यांनी चांगल्या मनाने पाठवलं होतं, पण हे ॲप कुणी घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे. लिंक पुढे पाठवणं म्हणजे जाहिरातीला हात लावण्यासारखंच. कुणी पैसे भरले असतील तर मला फोन करा, रागावणार नाही.’ शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. पैसे गेल्यापेक्षा ‘घरी कळलं तर?’ याचीच पोरांना जास्त धास्ती असते, आणि ते लपवायला ती आणखी पैसे घालत राहतात. दहा मिनिटांत पोस्टरच्या जागी ‘हा मेसेज हटवला आहे’ एवढंच उरलं. काढला भाऊजींनी स्वतः. त्याखाली नणंदेने जास्वंदीचा फोटो टाकला आणि ग्रुप पुन्हा वळणावर आला. दुपारी एका पुतण्याचा वेगळा मेसेज आला : ‘काकू, मी फक्त १०० भरलेत. बाबांना सांगू नका.’ त्याला म्हटलं, ते सांगायचं काम तुझं, मी सोबत बसते हवं तर.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. सकाळी एक गोष्ट बोलायची राहून गेली होती म्हणाले. ॲपमध्ये त्यांचे २३०० रुपये दिसत होते. काढायला गेले तर निरोप आला, आधी ३० टक्के कर म्हणून ६९० भरा, मग रक्कम सुटेल. “भरू का? मग सगळेच निघतील.” मी म्हटलं, जिंकलेल्या रकमेवरचा कर देणारा आधी कापून घेतो आणि उरलेलं हातात ठेवतो. कर भरायला वेगळे पैसे मागवत नाही. आज ६९० भरलेत की उद्या आणखी कसला तरी खर्च निघेल. स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, ज्या ज्या नावांवर पैसे भरलेत ती लिहून काढा आणि १९३० ला फोन करून तक्रार द्या. ते ‘बरं’ म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, “म्हणजे वहिनी, ते २३०० गेले?”

“गेले समजा. ६९० वाचले.”