ताकीद पत्रातल्या तारखा

उशिरा येण्याबद्दल दिलेले ताकीद पत्र बहुतेकांनी पाहिलेले असते. स्वतःचे नाही तर शेजारच्या टेबलावरचे. त्याची ठेवण ठरलेली. आधी नेमणूक पत्रातल्या वेळेची आठवण, मग उशिराच्या तारखांचा तक्ता, मग ‘यापूर्वी तोंडी समज देऊनही’, आणि शेवटी ‘तातडीने लक्षणीय सुधारणा अपेक्षित आहे, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई’. हे पत्र हातात घेणाऱ्याला वाटते की ते आपल्यासाठी लिहिले आहे. प्रत्यक्षात त्याचा खरा वाचक अजून खोलीत आलेला नसतो. तो पुढे कधी तरी येईल तो चौकशी अधिकारी, किंवा त्याही पुढे कामगार न्यायालय. माझी तक्रार आहे ती एवढ्यासाठीच.

त्या वाचकाची गरज कायद्यातून आली. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या आदर्श आदेशांत गैरवर्तनाच्या यादीत उशीर होता, पण नुसता उशीर नव्हे. सवयीचा उशीर होता. मुंबईच्या आदर्श आदेशांत तर वर्षभरात तीनपेक्षा कमी वेळा घडलेली गोष्ट ‘सवयीची’ धरू नये असा खुलासाच होता. म्हणजे सवय सिद्ध करायची तर तारखा हव्यात. शिवाय म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले की शिक्षा ठरवताना जुने वर्तन मोजायचे असेल, तर ते मोजणार आहोत हे त्या माणसाला आधी कळवले पाहिजे. म्हणून एचआर विभाग प्रत्येक उशीर कागदावर आणतो. कामगार संहितांनी जुने कायदे आता बाजूला केले, आणि संगणकावर काम करणारे पगारदार कित्येकदा ‘कामगार’ या व्याख्येत बसतही नाहीत. पण पत्राचा साचा सगळ्यांसाठी तोच राहिला.

तारखा देणे चांगलेच. ‘तुम्ही नेहमी उशिरा येता’ या वाक्याला उत्तर देता येत नाही, तारखेला देता येते. पण तारखा गोळा करणाऱ्याने त्या वाचल्याही पाहिजेत. एक नमुना घेऊ. कार्यालयाची वेळ साडेनऊ ते सहा, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, आणि सकाळी दहा मिनिटांची सवलत. पत्रात जुलै २०२५ चे सहा उशीर: ७ तारखेला १०.०८, १४ ला १०.१२, १६ ला ९.४२, २१ ला १०.०५, २४ ला ९.४४ आणि २८ ला १०.११. खाली एक ओळ: ‘एकाच महिन्यात सहा वेळा उशीर.’

सहा हा आकडा खरा आहे आणि तरी दिशाभूल करणारा आहे. १६ आणि २४ तारखेचे उशीर सवलतीपुढे दोन आणि चार मिनिटांचे. अंगठ्याच्या यंत्रापुढे रांग असली किंवा लिफ्ट वरच अडकली की एवढे होतेच. उरलेले चार मात्र पंचवीस ते बत्तीस मिनिटांचे आहेत, आणि कॅलेंडर उघडले तर चारही सोमवार आहेत. आळशी माणूस इतका नेमाने उशीर करत नाही. सोमवारी सकाळी त्या घरात काही तरी ठरलेले घडते आहे. समजा आईचे डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असते, गुरुवारी भाऊ नेतो आणि सोमवार पत्र मिळालेल्या या लेकीच्या वाट्याला आहे. मग हा शिस्तीचा प्रश्न उरतच नाही. सोमवारी सव्वादहा ते पावणेसात अशी वेळ देऊन तो मिटतो. किंवा तिचे काम असे असेल की सोमवारी साडेनऊला ती जागेवर हवीच, तर ते तरी समोरासमोर बोलले जाते. तक्ता करणाऱ्याने तारखेशेजारी वार लिहिला असता तर हे त्यालाच दिसले असते. पण वार हा पुरावा नसतो, म्हणून तो लिहिला जात नाही.

याच तक्त्यातून पैशाचाही हिशोब निघतो. साडेनऊपासून मोजले तर सहा दिवसांचा उशीर एकूण १८२ मिनिटे, म्हणजे तीन तास दोन मिनिटे. ‘तीन लेट मार्कला अर्धा दिवस’ हा अनेक ठिकाणचा अलिखित नियम लावला तर कापला जातो पूर्ण एक दिवस, म्हणजे आठ तासांचा पगार. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच ठेवली होती, आणि नव्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. न केलेल्या तीन तासांसाठी केलेल्या कामाचे पाच तास कापणे हा हिशोब त्यात बसत नाही. (रजेच्या खात्यातून अर्धा दिवस वळता करणे वेगळे, तिथे त्या ठिकाणचे रजेचे नियम पाहावे लागतात.) ज्या पत्राच्या आधी अशी कपात होऊन गेलेली असते, ते पत्र म्हणजे त्याच उशिराची दुसरी शिक्षा होते. ताकीद ही शिक्षाच आहे. मुंबईच्या आदर्श आदेशांत ती शिक्षांच्या यादीत सगळ्यात खालच्या पायरीवर होती. तिच्याआधी ‘तुमचे म्हणणे काय’ हे विचारणे म्हणूनच सौजन्यावर सोडता येत नाही.

उशिराकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणत नाही. कारखान्यात दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर अर्धा तास उशिरा आला की पहिल्या पाळीचा माणूस मशीन सोडून जाऊ शकत नाही. त्याची बस चुकते, कधी त्याला सलग दुसरी पाळी करावी लागते. बँकेच्या काउंटरवर, शाळेच्या पहिल्या तासाला, रुग्णालयाच्या वॉर्डात उशिराची झळ कोणाला तरी नावानिशी बसते. अशा ठिकाणचे पत्र कडक असावे आणि त्यात ती झळ लिहावी: १४ तारखेला तुमच्या जागी कोण थांबले, किती वेळ थांबले. गंमत अशी की जिथे हे सांगता येते तिथेही पत्रात येते ते ‘कामकाजावर विपरीत परिणाम होतो’ एवढेच. आणि जिथे सकाळच्या अर्ध्या तासाने कोणाचेच काही अडत नाही, पण रात्री साडेआठपर्यंत बसणे गृहीत असते, तिथेही हेच वाक्य. संध्याकाळी जातानाही त्याच यंत्रावर अंगठा उमटलेला असतो, पण पत्रातल्या तक्त्याला बाहेर पडण्याच्या वेळेचा रकाना नसतो.

सगळ्यात पोकळ असतो तो सुधारणेचा परिच्छेद. दोष सांगताना मिनिटापर्यंत काटेकोर असलेले पत्र अपेक्षा सांगताना एकदम मोघम होते. ‘लक्षणीय’ म्हणजे किती? पुढच्या महिन्यात सहाचे दोन झाले तर ती सुधारणा की सातवा आणि आठवा गुन्हा? ‘पुढील साठ दिवसांत सवलतीपलीकडचे उशीर दोनपेक्षा जास्त नकोत, आणि मुदत संपली की आपण पुन्हा बसू’ असे लिहायला काही खर्च येत नाही. पण तसे लिहिले की मालकही बांधला जातो. अट पाळली गेली तर विषय मिटवावा लागतो. मोघमपणा सोयीचा असतो तो इथे. ताकीद जुनी कधी होणार तेही आपल्याकडच्या पत्रांत सहसा नसते. ब्रिटनमधल्या अकास या संस्थेच्या मार्गदर्शनात पहिली लेखी ताकीद साधारण सहा महिन्यांनी आणि अखेरची बारा महिन्यांनी निष्प्रभ धरावी असे सुचवले आहे. आपल्याकडे ती फायलीत पडून राहते आणि तीन-चार वर्षांनी पगारवाढीच्या किंवा नोकरकपातीच्या वेळी बाहेर येते.

पत्र घेणाराही ते कशासाठी आहे हे ओळखून असतो. म्हणून मग तो सही करायला नकार देतो, पत्र पोस्टाने घरी जाते, किंवा दोन साक्षीदारांसमोर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडतो. युनियनमधली जुनी माणसे सांगत, नाकारू नका, ‘मिळाले, मजकूर मान्य नाही’ असे लिहून घ्या आणि आठवड्यात उत्तर द्या. सल्ला पक्का आहे. त्या उत्तरात एकेका तारखेपुढे वार, कारण आणि त्या दिवशी निघाल्याची वेळ लिहावी, कापलेल्या पगाराचा हिशोब जोडावा, आणि सुधारणेची मुदत व मोजमाप लेखी मागावे. एचआरने स्वतःच्या पत्रात जे रकाने ठेवले नाहीत, ते निदान फायलीत तरी येतात.