म्हणे, ओळख नाही!

"सर, आपली कुठं ओळखच नाही." हे रडगाणं आता बास. बी.एस्सी. केमिस्ट्री झालास, घरातला पहिला पदवीधर झालास, आणि वर्षभर करतोयस काय? मोबाईलवरून तोच एक बायोडाटा पुण्याच्या कंपन्यांना धाडतोयस. जालन्यात राहून इथल्या एमआयडीसीत एकदा तरी पाय ठेवलास का?

उद्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि सळईच्या बंडलाला बांधलेलं लेबल वाच. त्यावर कारखान्याचं नाव असतं, आयएसआय मार्क असतो आणि सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. चार दुकानं फिरलास की जालन्यातल्या स्टीलवाल्यांची यादी तयार. सळईला हा मार्क सक्तीचा आहे आणि परवाना टिकवायचा तर माल तपासणारी माणसं ठेवावीच लागतात. जिथं भट्टी आहे, तिथं प्रत्येक हीटचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासावा लागतो, अगदी रात्रपाळीतसुद्धा. तुझी जागा तिथं आहे, आणि तू बँकेच्या जाहिरातीची वाट बघत बसलायस!

गेटवर जाऊन "व्हेकन्सी आहे का" विचारशील, तर वॉचमन "नाही" म्हणून मोकळा होईल. त्याच्या हातात दुसरं काय आहे? लॅब इनचार्जचं नाव विचार. पाळी सुटते तेव्हा बाहेरच्या चहाच्या टपरीवर थांब, लॅबमधल्या एखाद्या पोराशी बोल. मशीन कोणतं, पाळ्या किती, कोण सोडून चाललंय, हे त्याला ठाऊक असतं. भेटलेल्या माणसाचं नाव आणि तारीख वहीत लिही, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. आणि आपल्या कॉलेजातल्या लॅब अटेंडंटला कधी विचारलंस का, मागच्या बॅचची पोरं कुठं लागली? त्याला आम्हा प्राध्यापकांपेक्षा जास्त माहिती असते.

आत बोलावलं तर तोंडाला कुलूप नको. आयएस १७८६ प्रमाणे एफई ५००डी सळईत कार्बन जास्तीत जास्त ०.२५ टक्के, गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्के. हे तीन आकडे येत नसतील, तर तिथं ओळख असून तरी काय उपयोग?

थेट नोकरी नाही म्हणाले, तर अप्रेंटिस म्हणून घ्या म्हण. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला कायद्यानं अप्रेंटिस घ्यावेच लागतात. nats.education.gov.in वर आधी नाव नोंदव आणि नोंदणी क्रमांक सोबत ने. विद्यावेतनाचा काही भाग सरकार देतं, हे मालकाला तूच सांग. बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. मुदत संपल्यावर कायम करतीलच असं नाही, पण "अनुभव काय" या प्रश्नाला उत्तर तयार होतं.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागलास, तर माझ्याशी गाठ आहे. आणि ती वही भरल्याशिवाय शिफारसपत्र मागायला माझ्या दारात येऊ नकोस.