कुसळ काढायचे की नाही?



दुसऱ्यांचा न्याय करू नका, ही प्रभू येशूची शिकवण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. पण ती आपल्याला कधी आठवते? बहुधा कोणी आपली चूक दाखवली की!

मत्तयच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायाची पहिली पाच वचने आपण एकत्र वाचली पाहिजेत. आपल्या बायबलात ‘मुसळ’ म्हटले आहे, तेथे मूळ ग्रीक शब्द घराच्या छपराला आधार देणाऱ्या तुळईचा आहे. ती आधी आपल्या डोळ्यातून काढा, असे प्रभू सांगतो. मात्र तो तेथे थांबत नाही. मग भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्यासाठी स्वच्छ दिसेल, असे तो पुढे म्हणतो. म्हणजे कुसळ तसेच राहू द्यायचे नाही. डोळा हा नाजूक अवयव आहे. आंधळ्या हाताने त्यात बोट घालू नये, एवढाच इशारा आहे.

एक उदाहरण घेऊ. वडील मृत्युपत्र न करता वारले. भावाने ‘सातबाऱ्यावर वारसनोंद करायची आहे’ असे सांगून बहिणीची हक्कसोड पत्रावर सही घेतली. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार विधवेचा एक तृतीयांश हिस्सा सोडून उरलेल्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा असतो. चुलतभावाने याविषयी विचारले, तर उत्तर मिळाले, “न्याय करू नका, असे प्रभूने सांगितले आहे.”

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ‘खरे कारण लपवून सही घेतली, हे चूक आहे’ हा कृतीविषयीचा निर्णय आहे. तो आपण करू शकतो, नव्हे, बहिणीसाठी केलाच पाहिजे. ‘तो हावरट आहे, त्याची प्रार्थना ढोंगी आहे’ हा अंतःकरणाचा न्याय आहे. तो देवाचा अधिकार. लूकच्या शुभवर्तमानात ‘न्याय करू नका’ याला जोडूनच ‘दोषी ठरवू नका’ अशी आज्ञा येते, ती यासाठीच. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे हेही पाप आहे, असे चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (क्र. २४७७).

आता चुलतभावाकडे वळू. त्याने स्वतःच्या बहिणीला वाटा दिला आहे का? की बांधावरच्या जुन्या भांडणाचा राग तो येथे काढतो आहे? ही त्याची तुळई. ती त्याने आधी काढावी, बहिणीचे देणे असेल तर द्यावे. मग मत्तय १८:१५ प्रमाणे प्रथम एकट्याने भावाकडे जावे आणि त्याची बाजू ऐकावी. ऐकले नाही, तर एकदोघांना सोबत न्यावे.

परंतु चुलतभावाच्या डोळ्यात तुळई आहे, म्हणून बहिणीचा वाटा नाहीसा होत नाही. गप्प बसलेल्या आपल्या सर्वांना हे वचन ढाल म्हणून वापरता येणार नाही.