दगडखाणीची जनसुनावणी : नकार कुठे, हरकत कुठे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावाजवळ गिट्टीच्या खदानीसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी जाहीर झाली की तिच्याबद्दलची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. ‘ग्रामस्थांचा तीव्र विरोध’ ही एक बातमी आणि ‘विकासाला खीळ’ ही दुसरी. ज्या अहवालावर ही सुनावणी असते, तो उघडून पाहिल्याची खूण दोन्हींत सापडत नाही. मंडपात किती माणसे आली, निवेदनावर किती सह्या झाल्या, सभा किती वेळ चालली यावरून गावाची बाजू जिंकली की हरली हे ठरवले जाते. जनसुनावणी म्हणजे मतदान आहे अशी ही समजूत आहे. ती चुकीची आहे आणि तिचे नुकसान सोसावे लागते ते गावालाच. सुनावणीत मते मोजली जात नाहीत. तिथे दिलेल्या लेखी हरकतीचे बळ एकाच गोष्टीत असते : समोरच्याला तिचे उत्तर द्यावे लागते की नुसती नोंद करून पुढे जाता येते.

खाणीसाठी लोकांना विचारायचे हे बंधन आपल्याकडे 1997 मध्ये आले आणि 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने त्याला आजचे रूप दिले. गिट्टी, मुरूम, वाळू ही गौण खनिजे मात्र बराच काळ या कक्षेबाहेर राहिली. 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. 2016 मध्ये केंद्राने पंचवीस हेक्टरपर्यंतच्या खाणींची वाट पुन्हा सोपी केली आणि 2018 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्या सवलतीला आडकाठी केली. आज साधारणपणे पाच हेक्टरहून मोठ्या दगडखाणीला आघात मूल्यांकन अहवाल आणि जनसुनावणी लागते. पट्टा लहान असला, पण पाचशे मीटरच्या आत त्याच खनिजाचे दुसरे पट्टे असले आणि सगळ्यांचे मिळून क्षेत्र पाच हेक्टरच्या पुढे गेले, तरीही ती लागते. एकाच टेकडीचे चार-चार हेक्टरचे तुकडे पाडून वेगवेगळे अर्ज आले असतील, तर हरकतीचा पहिला मुद्दा तिथेच मिळतो.

सुनावणीच्या मंचावर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अप्पर जिल्हादंडाधिकारी असतात, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी असतो. यांच्यापैकी कुणालाही खाण मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार नाही. त्यांनी इतिवृत्त लिहायचे, ते शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे, त्याच दिवशी त्यावर सही करायची आणि पुढे पाठवायचे. निर्णय राज्यस्तरीय प्राधिकरणाचा असतो आणि तो तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर होतो. त्या समितीने मंडप पाहिलेला नसतो, भाषणे ऐकलेली नसतात. तिच्यापुढे एक तक्ता येतो : डाव्या बाजूला लोकांनी मांडलेला मुद्दा, उजव्या बाजूला कंपनीचे उत्तर. हा तक्ता हेच सुनावणीचे खरे फलित असते. गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीवरून झालेल्या उत्कर्ष मंडळ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 26 नोव्हेंबर 2009 रोजी नेमके यावरच बोट ठेवले. लोकांनी घेतलेल्या हरकतींचा विचार झाला हे समितीच्या कारणांतून दिसले पाहिजे, कारणे न देता केलेली शिफारस टिकत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. पण कारण देण्याची सक्ती होण्यासाठी आधी कारण मागावे लागते. ‘आमचा या खाणीला विरोध आहे’ या वाक्यासमोर कंपनी ‘स्थानिकांना रोजगार देऊ, हरित पट्टा विकसित करू’ असे लिहिते आणि तक्त्यातली ती ओळ भरून जाते.

उत्तर मागणारी हरकत कशी असते हे पाण्याच्या प्रश्नावरून पाहता येईल. खाणीच्या अहवालांत एक वाक्य नेहमी भेटते : खोदकाम भूजल पातळीला छेदणार नाही. बरेचदा त्याचा आधार इतकाच असतो की खाण उंचवट्यावर आहे आणि परिसरातल्या विहिरींत पाणी अमुक मीटर खोल आहे. खाणीची खोली आणि विहिरीतल्या पाण्याची खोली वेगवेगळ्या जमिनीवरून मोजलेली असते, म्हणून त्यांची तुलना होऊच शकत नाही. दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत आणले की चित्र बदलू शकते. समजा टेकडीचा माथा 320 मीटरवर आहे आणि खाणीचा तळ 290 मीटरवर जाणार आहे. पायथ्याच्या विहिरीचा काठ 300 मीटरवर आहे आणि नोव्हेंबरमध्ये तिच्यात तीन मीटर खाली पाणी लागते. म्हणजे पाणी 297 मीटरवर आले आणि खाणीचा तळ त्याच्या सात मीटर खाली गेला. टेकडीच्या आत पाण्याची पातळी पायथ्यापेक्षा बहुधा उंचच असते, त्यामुळे हे अंतर आणखी वाढते. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहते, तर गिट्टीला लागतो तो त्याखालचा अखंड, घट्ट थर. म्हणजे हवा असलेला दगड मिळवायचा तर पाणी धरणारा थर कापूनच खाली उतरावे लागते. कापलेल्या कडेतून पाणी खाणीत झिरपते आणि काम चालू ठेवण्यासाठी ते उपसून बाहेर टाकावे लागते.

म्हणून हरकतीत ‘आमच्या विहिरी आटतील’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. लिहायचे ते असे : अहवालाच्या अमुक पानावर पाणीपातळीला छेद जाणार नाही असे म्हटले आहे; खाणीचा अंतिम तळ आणि पाचशे मीटरच्या आतल्या प्रत्येक विहिरीतली मे व नोव्हेंबरची पातळी समुद्रसपाटीपासून किती, हे एकाच तक्त्यात द्यावे; खाणीत येणाऱ्या पाण्याचा रोजचा उपसा किती धरला आहे ते सांगावे. सोबत विहिरींची यादी, गट क्रमांक आणि मोजलेली पातळी जोडावी. अहवालासाठी मोजमाप सहसा पावसाळा सोडून एकाच हंगामाचे घेतलेले असते. ते उन्हाळ्यातले असेल, तर विहिरी सर्वांत खाली गेलेल्या असतात आणि ‘छेद जाणार नाही’ हे विधान सर्वांत सोपे होते. तारीख पाहिल्याशिवाय हे ध्यानात येत नाही.

धुळीचेही तसेच. अहवाल हवेत तरंगणारे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण मोजतो. चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम आहे आणि तिच्याआत राहिलो की धुळीचा प्रश्न संपला असे तो मानतो. ही मर्यादा माणसाच्या श्वासासाठी आहे. फुटलेल्या बोंडावर, कपाशीच्या आणि तुरीच्या पानावर बसणारी धूळ बरीचशी याहून जाड असते. ती मोजायची तर खाली बसणाऱ्या धुळीचे महिन्याचे मोजमाप वेगळे घ्यावे लागते. वाहतुकीची बेरीजही तपासावी. वर्षाला दीड लाख टन आणि तीनशे दिवस काम धरले तर दिवसाला पाचशे टन होतात. वीस टनांच्या टिप्परच्या पंचवीस खेपा लागतात आणि जाण्या-येण्याच्या मिळून पन्नास फेऱ्या त्याच रस्त्याने होतात. अहवालाने पंचवीसच धरल्या असतील, किंवा पक्का राज्य मार्ग गृहीत धरून गावातला पांदण रस्ता वगळला असेल, तर धुळीचा पुढचा सगळा हिशोब कोसळतो.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. आक्षेप असा : गावाने ‘नाही’ म्हटले की पुरे. त्याने आकडे का मांडावेत? अहवालातल्या चुका काढणे म्हणजे कंपनीने आखलेल्या मैदानात उतरणे. चुका दुरुस्त झाल्या की खाण येणारच. यातला नकाराच्या हक्काचा भाग मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्या हक्काची जागा जनसुनावणी नाही. ती जागा ग्रामसभा आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस अनिवार्य केली आहे. ग्रामसभेला ‘नाही’ म्हणताना भूजलाचा तक्ता जोडावा लागत नाही. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी 2013 मध्ये खाणीला नकार दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितल्यामुळे. पर्यावरण सुनावणीतल्या घोषणांमुळे नव्हे. ग्रामसभेचा ठराव सुनावणीत नुसता वाचून दाखवला तर तो कंपनीच्या तक्त्यातली एक ओळ होऊन बसतो. तो पट्टा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे रीतसर पाठवला पाहिजे आणि हरकतीत त्याची प्रत जोडून एवढेच विचारले पाहिजे, की शिफारस नसताना हा अर्ज इथवर कसा आला.

अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावांना, म्हणजे दारव्हा, दिग्रस, नेर, पुसदकडच्या बहुतेकांना, हे हत्यार या स्वरूपात उपलब्ध नाही. मग त्यांचा नुसता नकार आणखीच हलका पडतो आणि पुराव्यानिशी घेतलेली हरकत अधिकच गरजेची ठरते. आकडे ही तज्ज्ञांची मालमत्ता आहे, हे गृहीतकही मी मानत नाही. कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात किती पाणी असते हे त्या शेतकऱ्याइतके कुणालाच ठाऊक नसते. अहवाल लिहिणारा तिथे काही दिवसच आलेला असतो. चूक दाखवली तर ती दुरुस्त होईल ही भीती खरी आहे. कधी तसे होईल आणि खाणीला अटींसह मंजुरी मिळेल. पण तळ पाच मीटर वर राखण्याची, विहिरींची पातळी नियमित मोजण्याची अट मंजुरीत आली, तर तिच्या पालनाचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि अट मोडली की तक्रारीला आधार मिळतो. घोषणेतून अशी अट निघत नाही. रस्त्यांना गिट्टी लागतेच, या युक्तिवादाला फार जागा देण्याचे कारण नाही : गिट्टी लागते म्हणून हीच टेकडी इतकी खोल खणावी लागते, असे सिद्ध होत नाही.

सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो, त्याचा सारांश मराठीत असतो. ते तीस दिवस सह्या गोळा करण्यात घालवू नयेत. अहवालाची पाने चाळावीत, विहिरी मोजाव्यात, प्रत्येक हरकतीला क्रमांक आणि पान क्रमांक द्यावा, ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देऊन तारखेसह पोच घ्यावी. सुनावणीच्या दिवशी इतिवृत्त वाचून होईपर्यंत मंडप सोडू नये आणि आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच, सही होण्याआधी, तो लिहून घ्यायला लावावा. मंजुरी मिळाली तर हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे अपील करायला तीस दिवस असतात आणि त्या अपिलात कोणती हरकत अनुत्तरित राहिली हे या कागदांवरूनच दाखवावे लागते.