एक मिलिमीटरचा आवाज

व्हीएचएसच्या फितीची रुंदी अर्धा इंच असते. त्यातली जवळजवळ सगळी जागा चित्राने व्यापलेली असते. आवाजासाठी उरते ती वरच्या कडेची एक पट्टी, साध्या मोनो कॅमेऱ्यात जेमतेम एक मिलिमीटर रुंद. खालच्या कडेला आणखी एक बारीक पट्टी असते. फीत कोणत्या क्षणी कुठे असायला हवी, ते यंत्राला तिच्यावरून कळते. घरोघरी कपाटात पडलेल्या कॅसेटींमध्ये माणसांचं बोलणं जे काही शिल्लक आहे, ते बहुतेक या वरच्या कडेवर आहे.

माझ्या धाकट्या मामांकडून मी हे शिकलो. ते रत्नागिरीचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते आणि तिची दोन्ही मुलं तिथेच जन्मली, तिथेच वाढतात. या नातवंडांना घरच्या जुन्या कॅसेटी पाहता याव्यात म्हणून मामांनी हे काम हाती घेतलं. नुसत्या कॅसेटी पाठवून भागलं नसतं. आपल्याकडचं चित्रीकरण पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चौकटींचं. अमेरिकेत एनटीएससी, जवळपास ३० चौकटींची. तिथल्या घरात जुना व्हीसीआर सापडला असता, तरी त्यात आपली कॅसेट दिसली नसती. संगणकावर फाइल करून पाठवणं हाच मार्ग होता.

कॅसेटींचा ढीग समोर आला की हात आधी लग्नाच्या कॅसेटीकडे जातो. मामांनी ती मागे ठेवली. या कामातला त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता असं मला वाटतं. लग्नाचे फोटो अल्बममध्ये होतेच. शिवाय ती कॅसेट स्टुडिओत ‘मिक्सिंग’ करून आलेली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मंगलाष्टका सोडल्या तर सगळीकडे सिनेमाची गाणी चढवलेली आहेत. पाहुणे हसताना दिसतात, आजोबा कुणाला तरी काही सांगताना दिसतात, पण ऐकू येतं ते गाणं. गाण्याखालचा मूळ आवाज त्या प्रतीत पुसलेला असतो, कोणत्याही यंत्राने तो परत मिळत नाही. मिक्सिंग होण्याआधीची ‘रॉ’ कॅसेट घरात असती तर गोष्ट वेगळी होती. बहुतेक घरांत ती नसते, कारण स्टुडिओवाले तीच कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरत.

मामांनी पहिल्यांदा हातात घेतली ती १९९२च्या गणपतीतली कॅसेट. मस्कतला नोकरीला असलेल्या त्यांच्या चुलतभावाने रजेवर येताना कॅमेरा आणला होता, आणि हौसेने दिवसभर तो खांद्यावर घेऊन फिरला होता. आमची आजी, म्हणजे मामांची आई, त्या कॅसेटमध्ये पडवीत बसून आठ वर्षांच्या नातीला मोदकाची पारी वळायला शिकवते. तीच नात आज न्यू जर्सीतल्या मुलांची आई आहे. आजीचे फोटो आमच्याकडे आहेत, पण तिचा आवाज जगात या कॅसेटीखेरीज कुठेच नाही.

कॅसेटच्या वरच्या अंगाला पारदर्शक खिडकी असते. तिच्यातून गुंडाळलेल्या फितीची जी बाजू दिसते, ती फितीची कडाच. आजीच्या कॅसेटच्या खिडकीत पांढुरके धागे दिसत होते. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटींना बुरशी धरते, आणि ती कडेकडून आत जाते, म्हणजे आधी आवाजाच्या पट्टीवर. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडला चिकटते, फीत ओरखडते, आणि त्याच यंत्रात पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. ओलसर बुरशी पुसायला गेलं तर पसरते; सुकलेली भुकटी होऊन झटकली जाते. म्हणून मामांनी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून पूर्ण कोरडी होऊ दिली. मग तोंडाला मास्क लावून, अंगणात बसून पाच स्क्रू काढले, रिळं बाहेर घेतली आणि फीत हाताने हळूहळू फिरवत तंतू न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून काढली. ज्या व्हीसीआरवर अंतिम प्रत काढायची, त्याला असल्या कॅसेटचा स्पर्शसुद्धा होऊ द्यायचा नाही हा त्यांचा नियम. सफाईनंतरचं पहिलं फिरवणं दुसऱ्या, टाकाऊ यंत्रावर.

पहिल्यांदा लावली तेव्हा चित्र बरं आलं, पण आजी दार लावलेल्या खोलीतून बोलते आहे असं वाटत होतं. शब्दांतले स, च, त ऐकूच येत नव्हते. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चित्राची हेडं फिरत्या ड्रमवर असतात, त्यामुळे फीत संथ सरकली तरी त्यांचा वेग भरपूर असतो. आवाजाचं हेड मात्र स्थिर असतं. त्याच्यासमोरून फीत सेकंदाला साधारण २.३४ सेंटिमीटर वेगाने जाते. साध्या ऑडिओ कॅसेटचा वेग ४.७६, म्हणजे इथे निम्माच. इतक्या कमी वेगात टिपलेले बारीक उंच स्वर मुळातच काठावर असतात. त्यात वाचणारं हेड लिहिणाऱ्या हेडच्या तुलनेत केसभर जरी कललेलं असलं, तरी तेच स्वर सगळ्यात आधी जातात. चित्र स्वच्छ आणि आवाज दबका असेल तर फितीला दोष देण्याआधी हा कल तपासावा.

मामांनी व्हीसीआरचं झाकण उघडलं. आवाजाच्या हेडशेजारी कल बदलण्याचा छोटा स्क्रू असतो. तो मुळात कुठे होता, याची त्यांनी मार्करने खूण केली, कानाला हेडफोन लावला आणि कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा फिरवला. एका जागी येताच आजीच्या बांगड्यांचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचे शब्द सुटे झाले. त्या यंत्रावर बाकीच्या कॅसेटींसाठी हा कल योग्य असेलच असं नाही, म्हणून काम झाल्यावर स्क्रू पुन्हा खुणेवर. गावातल्या एका दुकानात हीच कॅसेट पूर्वी डीव्हीडीवर घेतली होती. त्या डीव्हीडीत हा आवाज दबकाच उतरला आहे. दुकानात कोणी कान लावून ऐकलं नव्हतं.

पुढचा अडथळा संगणकात आला. व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये यूएसबीचं कॅप्चर उपकरण लागतं. फितीची खालची, गती राखणारी पट्टी खराब असेल तर चित्राचे संकेत डळमळतात, आणि स्वस्त उपकरण गोंधळून मधल्या चौकटी गाळतं. आवाज मात्र अखंड येत राहतो. २५ चौकटी गळल्या की चित्र एक सेकंद पुढे जातं. सुरुवातीला कळत नाही. दोन तासांनी माणसांचे ओठ आणि शब्द यांचा मेळ राहत नाही. म्हणून मामा प्रत्येक फाइल शेवटाकडून तपासत. आरतीत टाळ्या आहेत, टाळ आहेत. हात एकत्र येतात त्याच क्षणी आवाज येतो का, ते शेवटच्या आरतीत पाहायचं. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये गळलेल्या चौकटींचा आकडा दिसतो, तो शून्य किंवा शून्याजवळ हवा. त्यांनी व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला, नुसता संकेत त्याच्यातून पुढे जाण्यापुरता. असे काही रेकॉर्डर डळमळीत संकेत सरळ करून देतात. त्यानंतर आकडा खाली आला.

फितीतली सळसळ काढून टाकायला सॉफ्टवेअर आहे. मामांनी ते वापरून पाहिलं आणि फक्त नातवंडांना पाठवायच्या प्रतीत, तेही अगदी हलक्या हाताने ठेवलं. जास्त ताणलं की सळसळीबरोबर ‘ह’ आणि ‘स’ जातात, श्वास जातो, आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मूळ कॅप्चर काहीही न कापता, न पुसता, दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात वेगळं ठेवलं आहे. तासाला २५-३० जीबी जागा लागते, पण हार्डडिस्क परवडते.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तांत्रिक नाही. मस्कतचे ते चुलतभाऊ या कॅसेटमध्ये एकाही चौकटीत दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर होता. पण ते सतत बोलतात. आजीला इकडे बघायला सांगतात, मुलीला नाव विचारतात, गुरुजींना आरती पुन्हा म्हणायची विनंती करतात. ते आता नाहीत. गाणी चढवलेल्या प्रतीतून असा माणूस पूर्णपणे नाहीसा होतो. कुटुंबाने ज्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहिलं, तो फक्त आवाजात उरतो. म्हणून कॅसेट छाटून ‘निवडक क्षण’ बनवण्याला माझा विरोध आहे. छाटताना आपण चित्र पाहून छाटतो. कॅमेरा जमिनीकडे रोखलेला राहिला, भिंतच दिसत राहिली, असे तुकडे पहिले जातात, आणि माणसं मोकळेपणाने बोलतात ती नेमकी त्याच तुकड्यांत.

नातवंडांना मराठी कळतं, पण पणजीचं भरभर कोकणी वळणाचं बोलणं निसटतं. मामांनी उपशीर्षकांची वेगळी फाइल केली: कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत, कोण बोलतं, काय बोलतं. नावाच्या पुढे नातं लिहिलं, पडद्याबाहेरून बोलणाऱ्याचंसुद्धा. पहिल्या व्हिडिओ कॉलवर नातीने विचारलं, “आजोबा, हे काका कुठे आहेत? दिसत का नाहीत?” त्यानंतर मामांनी काकांचा एक फोटो नातवंडांच्या प्रतीच्या सुरुवातीला जोडला. चित्रीकरणात त्यांनी केलेली ही एकमेव भर.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जी यंत्रं आहेत ती जुनीच, आणि ती नीट करणारे हातही कमी होत चालले आहेत. तुमच्या घरी कॅसेटी असतील तर आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, म्हणजे कडा दबणार नाही. खिडकीतून पाहून बुरशी दिसली तर चालवू नका. ज्यात कोणी बोलतं अशी कॅसेट आधी घ्या, गाण्यांची नंतर. दुकानात देणार असाल तर परत घेताना शेवटची पाच मिनिटं हेडफोन लावून तिथेच ऐका. आणि फाइल हातात आली तरी कॅसेट टाकून देऊ नका.